माल एकाचा समुद्रात, भरपाई सगळ्यांच्या खिशातून: जनरल ॲव्हरेजचा हिशेब

"माझी एक सळई वाकलेली नाही, मग हे सहा लाख कसले?"

जहाजाने माल मागवणाऱ्याच्या हातात जनरल ॲव्हरेजची नोटीस पडली की पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न रास्त आहे. माल धडधाकट बंदराला लागलेला असतो, भाडं आधीच भरलेलं असतं, आणि जहाजवाल्याकडून पत्र येतं: वाटेत सगळ्यांसाठी नुकसान सोसावं लागलं, तुमचा वाटा भरल्याशिवाय किंवा त्याची हमी दिल्याशिवाय माल मिळणार नाही. ट्रकने माल मागवणाऱ्याला असा अनुभव येत नाही. घाटात ट्रक उलटून शेजारच्याची पोती फुटली, तर त्याचं बिल कोणी आपल्याला पाठवत नाही. समुद्रावरचा नियम वेगळा आहे, आणि तो फार जुना आहे. इ.स. ५३३ मध्ये रोमन सम्राट जस्टिनियनने कायद्याचं जे संकलन करवलं, त्यात हा नियम ऱ्होड्स बेटाच्या नावाने नोंदलेला आहे: जहाज हलकं करण्यासाठी माल फेकला असेल, तर सगळ्यांसाठी जे गेलं ते सगळ्यांनी मिळून भरून द्यावं.

जनरल ॲव्हरेजचं तत्त्व एवढंच आहे. अवघड आहे ते कोणतं नुकसान यात धरायचं आणि वाटा कसा काढायचा हे. त्यासाठी आपल्याच किनाऱ्यावरचं एक कल्पित उदाहरण घेऊ. आकडे मुद्दाम गोल धरले आहेत.

एक छोटं मालवाहू जहाज कांडल्याहून रत्नागिरीला निघालं आहे. त्यात तिघांचा माल आहे. मालवणच्या एका व्यापाऱ्याच्या मोरबीच्या टाइल्स, ५,००० खोकी, खोक्याला ८०० रुपये, म्हणजे ४० लाखांचा माल. रत्नागिरीच्या एका कंत्राटदाराच्या १०० टन सळया, ६० लाखांच्या. आणि लांज्याच्या एका दुकानदाराचं सिमेंट, ५,००० पोती, ४०० रुपयांप्रमाणे २० लाखांचं. जहाजाच्या पोटातल्या पुढच्या कोठारात, म्हणजे होल्डमध्ये, हॅच नावाच्या वरच्या झाकणाच्या तोंडाशी टाइल्स आहेत आणि त्यांच्या बाजूला थोडं सिमेंट. उरलेलं सिमेंट आणि सळया मागच्या होल्डमध्ये.

कोजागिरी होऊन तीन दिवस झालेत. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि हर्णैच्या पुढे जहाजाला मोठ्या लाटा लागतात. हेलकाव्यांनी मागच्या बाजूचा एक सांधा सैल होऊन पाणी झिरपू लागतं आणि तळाची काही पोती भिजतात. कप्तान आसऱ्यासाठी दाभोळच्या खाडीकडे वळतो. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटी नुकतीच लागली आहे, आणि जहाजाचं नाक त्या वाळूत रुततं.

आता कप्तानासमोरचं गणित पाहा. पुढची भरती साधारण अकरा-बारा तासांनी येणार. पण पौर्णिमेचं उधाण उतरणीला लागलं आहे, म्हणजे पुढची प्रत्येक भरती आजच्यापेक्षा थोडी बुटकी. उद्याच्या भरतीला जहाज तरंगलं नाही, तर अमावास्येच्या उधाणापर्यंत ते तिथेच बसणार, आणि तोवर पश्चिमेच्या लाटा त्याला वाळूवर आपटून आपटून मोडून टाकणार. टगला निरोप गेला आहे, पण एवढ्या भाराचं जहाज टग ओढू शकेल की नाही याची खात्री नाही. कप्तान पुढची हॅच उघडून टाइल्स फेकायला सांगतो. एक खोकं सुमारे २७ किलोचं. रात्रभरात खलाशी १,५०० खोकी समुद्रात टाकतात, म्हणजे सुमारे चाळीस टन. एवढ्या आकाराचं जहाज त्याने नऊ-दहा सेंटिमीटर वर येतं, आणि भार पुढचाच कमी झाल्यामुळे नाक त्याहून थोडं जास्त उचललं जातं. सकाळच्या भरतीला टग लागतो, जहाज सुटतं. ते जयगडला नेऊन तपासतात, डागडुजी करतात, आणि काही दिवसांनी ते रत्नागिरीच्या भगवती बंदराला लागतं.

हॅच उघडी असताना लाटांचं पाणी आत आलं होतं. त्यात पुढच्या होल्डमधली सिमेंटची १,००० पोती भिजून दगड झाली. मागच्या होल्डमध्ये सांध्यातून आलेल्या पाण्याने ५०० पोती गेली होती.

यातलं काय सगळ्यांच्या खात्यावर टाकायचं? आज जगभर यासाठी यॉर्क-अँटवर्प नियम वापरतात. त्यांची सुरुवात १८६४ आणि १८७७ च्या परिषदांत झाली, आणि ताजी आवृत्ती २०१६ ची आहे. हे नियम करारातून लागू होतात. बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर घेतल्याच्या पावतीच्या, मागे बारीक अक्षरात त्यांचा उल्लेख असतो आणि बहुतेक जण तो वाचत नाहीत. नियमांचा गाभा असा: जहाज आणि माल दोन्ही एकाच संकटात सापडले पाहिजेत, आणि त्यांना वाचवण्यासाठी कोणीतरी मुद्दाम, विचारपूर्वक, नेहमीपेक्षा वेगळा त्याग किंवा खर्च केला पाहिजे. 'मुद्दाम' हा शब्द इथे सगळ्यात जड आहे. लाटेने खोकी वाहून गेली असती, तर ते टाइल्सवाल्याचं एकट्याचं नुकसान. माणसाच्या हुकमाने गेली म्हणून ते सगळ्यांचं.

टाइल्स सरळ बसतात: १२ लाख. टग आणि जयगडचा आसरा यांचा खर्च जहाजवाल्याने केला, ९ लाख. तोही बसतो, कारण तो जहाज आणि माल दोघांच्या सुटकेसाठी झाला. सांध्याची डागडुजी मात्र बसत नाही. तो सांधा वादळाने सैल केला, कोणी मुद्दाम नाही, त्यामुळे ती जहाजवाल्याने स्वतःच्या पैशाने करायची.

खरी गंमत सिमेंटची आहे. एकाच दुकानदाराचं, एकाच कारखान्याचं, एकाच समुद्राच्या पाण्याने भिजलेलं सिमेंट, आणि तरी हिशेबात त्याचे दोन तुकडे पडतात. पुढच्या होल्डमधली १,००० पोती भिजली ती हॅच उघडल्यामुळे. हॅच उघडली माल फेकण्यासाठी. म्हणजे ते भिजणं हा त्यागाचाच भाग, आणि ४ लाख सगळ्यांच्या खात्यावर. मागची ५०० पोती वादळाने भिजली, ते २ लाख एकट्या दुकानदाराचे. असल्या एकट्याच्या नुकसानीला पर्टिक्युलर ॲव्हरेज म्हणतात.

हा फरक नंतर ओळखायचा कसा? नुकसान तपासणारा सर्व्हेअर पोत्यांच्या थप्पीकडे बघतो. उघड्या हॅचमधून आलेलं पाणी वरून पडतं, म्हणून तोंडाखालची वरच्या थरांची पोती आधी भिजतात. सांध्यातून आलेलं पाणी तळाशी साचतं, म्हणून तिथे खालचे थर दगड होतात आणि वरचे कोरडे राहतात. पाणी समुद्राचंच आहे का हे पाहायला सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतात. खारं पाणी असेल तर पांढरा साका येतो. पण आपल्या उदाहरणात दोन्हीकडे समुद्राचंच पाणी आहे, त्यामुळे ती चाचणी काही सांगत नाही. थप्पीचा फोटो आणि थरांची मोजणीच उपयोगी पडते. बंदरावर घाईघाईने सगळी पोती एकत्र ओतली, तर हा पुरावा तासाभरात नाहीसा होतो आणि मग दुकानदाराला ४ लाखांच्या मागणीसाठी नुसती तोंडी साक्ष उरते. जहाजाच्या लॉगबुकात हॅच कधी उघडली, किती खोकी टाकली, कोणाच्या हुकमाने टाकली, याची वेळ घालून नोंद असणंही म्हणूनच लागतं. बंदराला लागल्यावर कप्तान नोटरीसमोर घडलेल्या प्रसंगाचं जे निवेदन नोंदवतो, तेही याच कामाला येतं.

टाइल्सवाला इथे विचारेल, माझ्याच टाइल्स का? सिमेंट स्वस्त होतं, ते का नाही टाकलं? नियम सगळ्यात स्वस्त माल शोधायला सांगत नाही. निर्णय त्या वेळी, त्या जागी समंजस होता का, एवढंच पाहतो. टाइल्स हॅचच्या तोंडाशी होत्या, पुढे होत्या आणि हाताने उचलता येत होत्या. सळयांच्या जड मोळ्या हाताने हलत नाहीत. रात्री, लाटांत, भरतीचा काटा सरकत असताना यापेक्षा जास्त अपेक्षा करणं मलाही योग्य वाटत नाही.

तर सगळ्यांच्या खात्यावरची रक्कम झाली १२ अधिक ४ अधिक ९, म्हणजे २५ लाख. आता ती कोणात वाटायची? जे वाचलं त्याच्या किमतीच्या प्रमाणात, आणि किंमत धरायची प्रवास संपला तिथली, रत्नागिरीची. जहाज जसं पोचलं तशी त्याची किंमत १ कोटी ३२ लाख. सळया ६० लाख. सिमेंटमधून दुकानदाराचे स्वतःचे बुडालेले २ लाख वजा करून १८ लाख. टाइल्स ४० लाख.

इथे पुष्कळ जण अडखळतात. टाइल्स तर २८ लाखांच्याच उरल्या, मग ४० का? कारण फेकलेल्या मालाचे १२ लाख त्याला भरून मिळणार आहेत, आणि भरून मिळणारा मालही वाटा देतो. असं केलं नाही तर काय होईल ते पाहा: ज्याचा माल समुद्रात गेला त्याला पूर्ण पैसे मिळतील आणि त्या रकमेवर काहीच भरावं लागणार नाही, तर ज्याचा माल वाचला तो खिशातून भरत बसेल. मग आपलाच माल फेकला जावा अशी इच्छा धरणं फायद्याचं ठरेल. सिमेंटच्या भिजलेल्या १,००० पोत्यांनाही हाच न्याय, म्हणून त्यांचे ४ लाख त्या १८ लाखांत धरलेले आहेत.

सगळ्यांची बेरीज २ कोटी ५० लाख. वाटायचे २५ लाख. म्हणजे प्रत्येकाने दहा टक्के. जहाजवाल्याचा वाटा १३ लाख २० हजार. त्यातले ९ लाख त्याने आधीच खर्च केलेले, म्हणून आणखी ४ लाख २० हजार देणं. सळयावाल्याला ६ लाख देणं. टाइल्सवाल्याला १२ लाख येणं आणि ४ लाख देणं, म्हणजे हातात ८ लाख. सिमेंटवाल्याला ४ लाख येणं, १ लाख ८० हजार देणं, म्हणजे हातात २ लाख २० हजार. देणाऱ्यांची बेरीज १० लाख २० हजार, घेणाऱ्यांचीही तेवढीच. आता सळयावाला आणि टाइल्सवाला यांच्याकडे शेजारी ठेवून बघा. एकाची सळई वाकली नाही, दुसऱ्याची दीड हजार खोकी समुद्रतळाला गेली. तरी त्या रात्रीने दोघांचंही नुकसान आपापल्या मालाच्या दहा टक्केच केलं.

हिशेब मांडणाऱ्याला ॲव्हरेज ॲडजस्टर म्हणतात, आणि त्याला नेमतो जहाजवाला. हे कानाला खटकतं, पण त्याने निःपक्ष राहायचं असतं आणि त्याचा हिशेब विमा कंपन्या काटेकोरपणे तपासतात. खऱ्या हिशेबात व्याज असतं, ॲडजस्टरची फी असते आणि कागदांचा ढीग असतो. तो पुरा व्हायला वर्ष सहज जातं, मोठ्या जहाजाचा असेल तर कित्येक वर्षं. एवढा वेळ माल अडवून ठेवता येत नाही, म्हणून जहाजवाला माल सोडण्याआधी दोन कागद मागतो. एक ॲव्हरेज बाँड, म्हणजे 'माझा जो वाटा निघेल तो देईन' हे मालवाल्याचं लेखी वचन. दुसरी ॲव्हरेज गॅरंटी, जी त्याच्या विमा कंपनीने द्यायची. विमा नसेल तर गॅरंटीऐवजी रोख अनामत. आपल्या उदाहरणात ॲडजस्टरने सावधपणे १५ टक्के मागितले असं धरा. विमा नसलेल्या सिमेंटवाल्याला १८ लाखांवर २ लाख ७० हजार रोख भरल्याशिवाय चांगली पोतीही उचलता येणार नाहीत. शेवटी त्याला पैसे मिळायचेच आहेत, पण ते वर्षाने. अनामत आज.

ही रक्कम किती मोठी होऊ शकते याचं उदाहरण आपल्याच समुद्रातलं आहे. मार्च २०१८ मध्ये अरबी समुद्रात 'मर्स्क होनाम' या कंटेनर जहाजाला आग लागली. त्यातला माल सोडवण्यासाठी मालवाल्यांकडे जहाज आणि माल वाचवणाऱ्या तारणकर्त्यांसाठी मालाच्या किमतीच्या ४२.५ टक्के आणि जनरल ॲव्हरेजसाठी ११.५ टक्के, मिळून ५४ टक्के हमी मागितली गेली. विमा नसलेल्या छोट्या आयातदाराला निम्म्याहून जास्त किंमत रोखीत उभी करणं म्हणजे माल सोडून देण्यासारखंच.

विम्याचं काम इथे दोन्ही बाजूंनी होतं. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याचं कलम ६६ टाइल्सवाल्याला सांगतं, की फेकलेल्या मालाची भरपाई तू थेट आपल्या विमा कंपनीकडून घे, बाकीच्यांच्या मागे फिरत बसू नकोस. कंपनी त्याला १२ लाख देते आणि इतरांकडून वसुलीचा हक्क स्वतःकडे घेते. सळयावाल्याचा वाटाही, माल शाबूत असला तरी, विमा कंपनी देते. आणि त्यासाठी महागडी पॉलिसी लागत नाही. माल विम्याच्या अ, ब, क या तिन्ही प्रकारच्या कलमांत, अगदी सगळ्यात स्वस्त 'क' मध्येही, जनरल ॲव्हरेज धरलेलं असतं.

फसतं ते विम्याच्या रकमेत. समजा सळयावाल्याने हप्ता वाचवायला ६० लाखांचा माल ४५ लाखांचा दाखवून विमा उतरवला. विमा पाऊण किमतीचा, म्हणून वाट्याच्या पाऊण भागच मिळेल: ६ लाखांपैकी साडेचार. उरलेले दीड लाख स्वतःचे. बीजकावर दहा टक्के चढवून विमा उतरवायची जी पद्धत आहे ती अशा वेळी कामाला येते. आणखी कडक शिक्षा आहे ती जहाजवाल्याला मालाची किंमत कमी सांगणाऱ्याला. टाइल्सवाल्याने खोक्याला ५०० रुपये सांगितले असते, तर फेकलेल्या खोक्यांचे त्याला १२ लाखांऐवजी साडेसात लाखच मिळाले असते, आणि वाचलेल्या खोक्यांवरचा वाटा मात्र खऱ्या ८०० रुपयांनी भरावा लागला असता. मुळात जो माल नोंदवलाच नाही, तो फेकला गेला तर भरपाई शून्य. तो वाचला तर वाटा मात्र द्यायचाच.

खोकी होल्डऐवजी डेकवर रचलेली असती तर? डेकवर माल नेण्याची त्या व्यापारात रूढ पद्धत असेल, जसं लाकडाचे ओंडके किंवा कंटेनर जहाजावरचे कंटेनर, तरच फेकल्याची भरपाई मिळते. टाइल्सची खोकी डेकवर रचणं रूढ नाही, म्हणून टाइल्सवाल्याला इतरांकडून काही मिळालं नसतं. जहाजवाल्याने न विचारता ती वर ठेवली असतील, तर भांडण त्याच्याशी.

आणि एवढं सगळं करूनही जहाज त्याच वाळूवर फुटून मालासकट गेलं असतं, तर? मग वाटणीच नाही. वाटा वाचलेल्या किमतीवर बसतो, आणि वाचलेलं काही नसेल तर टाइल्सवाल्याने कोणाकडे काय मागायचं? त्याच्याकडे फक्त स्वतःची पॉलिसी उरते.

सळयावाल्याला वाटा नाकारण्याची एक वाट असते, पण ती जेवढी वाटते तेवढी रुंद नाही. जहाजाचा सांधा कांडल्यालाच सैल होता, मालकाला ते ठाऊक होतं आणि तरी जहाज सोडलं, असं सिद्ध झालं तर टगच्या खर्चातला आपला वाटा जहाजवाल्याला देणं तो नाकारू शकतो. टाइल्सवाल्याचा यात काहीच दोष नाही. त्याच्या १२ लाखांतला सळयावाल्याचा वाटा तसाच द्यावा लागतो. म्हणून नोटीस आली की रागाने बाँडवर सही नाकारण्यापेक्षा पत्र, बिल ऑफ लेडिंग आणि बीजक त्याच दिवशी विमा कंपनीला पाठवणं शहाणपणाचं. गॅरंटी द्यायची की जहाजवाल्याशी भांडायचं, हे ती तिच्या वकिलांना विचारून ठरवते, आणि तोवर आपला माल बंदरावर भाडं खात पडून राहत नाही.

रोख अनामत भरणाऱ्याने पावती जपावी. सिमेंटवाल्याच्या २ लाख ७० हजारांतून त्याचा अंतिम वाटा १ लाख ८० हजार वळता झाला, की उरलेले ९० हजार आणि त्याच्या भिजलेल्या पोत्यांचे ४ लाख ॲडजस्टर त्याला देतो. अनामतीचा परतावा मागताना मूळ पावती दाखवावी लागते, आणि तोवर दीड-दोन वर्षं उलटून गेलेली असतात.